निकाल पुसला की पाया बदलला? सत्ताविभाजनाचा प्रश्न सोडवायची एक रीत

खानापूरहून सकाळच्या गाडीनं येणाऱ्या एका विद्यार्थिनीनं मागे सत्ताविभाजनावर साडेतीन पानं लिहून आणली होती. माँटेस्क्यू होता, इंग्लंड-अमेरिकेची तुलना होती, अनुच्छेद ५० होता, अक्षरही सुरेख. पण प्रश्न होता तो वेगळाच: न्यायालयानं एक वसुली बेकायदा ठरवली, त्यानंतर विधिमंडळानं कायदा करून तीच वसुली कायदेशीर केली, हे चालेल का, सकारण लिहा. साडेतीन पानांत त्याचं उत्तर कुठंच नव्हतं. विचारलं तर म्हणाली, "सर, नवा कायदा आला की जुना निकाल गेलाच की." शेजारच्या मुलानं लगेच उलटं सांगितलं, "असं कसं? न्यायालयाचा शब्द शेवटचा असतोय."

दोघंही अर्धे बरोबर आणि अर्धे चूक. परीक्षेत नापास करणारा अर्धा भाग नेमका कोणता, तेवढंच या लेखात बघू. सत्ताविभाजनाचा सगळा विषय इथं घेत नाही. विधिमंडळ आणि न्यायालय यांच्यातली ही एक सीमारेषा नीट कळली, तर प्रसंग देऊन विचारलेले बरेच प्रश्न सुटतात.

आधी बाजारात जाऊ

पुढचं उदाहरण मी बनवलेलं आहे, कुठल्या गावावर घेऊ नका. समजा कायद्यात लिहिलंय की आठवडी बाजारातल्या प्रत्येक 'गाळ्या'वर नगरपालिका रोज २० रुपये शुल्क घेईल. पालिकेचा माणूस पावतीपुस्तक घेऊन फिरतो आणि जमिनीवर पोतं अंथरून, पुढ्यात बुट्टी ठेवून मेथी-कोथिंबीर विकणाऱ्या बायकांकडूनही २० रुपये घेतो. त्या बायका उच्च न्यायालयाच्या धारवाड पीठाकडे जातात. न्यायालय म्हणतं: गाळा म्हणजे बांधलेली, छप्पर असलेली जागा. बुट्टी ठेवून बसणं म्हणजे गाळा नव्हे. म्हणून ही वसुली कायद्याबाहेरची आहे, पैसे परत करा.

आता विधिमंडळ पुढं येतं. दोन वेगवेगळे कायदे डोळ्यांसमोर आणा.

पहिला म्हणतो: कोणत्याही न्यायालयाच्या निकालात काहीही म्हटलेलं असलं, तरी सदर वसुली वैध समजावी आणि कुणालाही पैसे परत देऊ नयेत. बस्स, एवढंच.

दुसरा म्हणतो: 'गाळा' या शब्दात विक्रीसाठी वापरलेली उघड्यावरची जागाही येते, आणि ही व्याख्या मूळ कायदा लागू झाला त्या दिवसापासून होती असं समजावं. त्यानुसार झालेली वसुली वैध आहे.

बायकांच्या दृष्टीनं दोन्हींचा परिणाम एकच: पैसे परत मिळत नाहीत. तरीही पहिला कायदा टिकत नाही, दुसरा साधारणपणे टिकतो. हे पचायला जड जातं, म्हणून इथं थोडं थांबा. पहिल्या कायद्यानं गाळ्याची व्याख्या जशीच्या तशी ठेवली आणि तरीही न्यायालय चुकलं असं सांगितलं. म्हणजे विधिमंडळच अपील ऐकायला बसलं. दुसऱ्यानं न्यायालयाला खोटं पाडलं नाही. तुम्ही जो शब्द वाचलात तो आम्ही बदलला, एवढंच तो म्हणतो. शब्द ठरवणं हे विधिमंडळाचंच काम. नव्या व्याख्येसह तोच खटला पुन्हा न्यायालयापुढं आला असता, तर न्यायालयानं आधीचाच निकाल दिला असता का? नाही. ही कसोटी.

ती मी शोधलेली नाही. पृथ्वी कॉटन मिल्स विरुद्ध भडोच नगरपालिका, सर्वोच्च न्यायालय, १९६९. गंमत म्हणजे त्यातला मूळ कायदा आपल्या ओळखीचा, १९२५चा मुंबई म्युनिसिपल बरोज कायदा. बेळगावही १९५६पर्यंत मुंबई राज्यातच होतं. त्या कायद्यात 'रेट' असा शब्द होता आणि पालिकेनं कर लावला मालमत्तेच्या भांडवली किमतीवर. 'रेट' म्हणजे वार्षिक भाड्याच्या मूल्यावरचा कर, असं सर्वोच्च न्यायालयानं त्याआधी अहमदाबादच्या एका खटल्यात सांगितलं होतं. म्हणून गुजरातनं १९६३मध्ये वैधीकरण कायदा आणला, 'रेट'चा अर्थ व्यापक केला आणि जुनी आकारणी वैध ठरवली. न्यायालयानं तो कायदा राखला. पण जाता जाता बजावलं, की निकाल बंधनकारक नाही असं नुसतं जाहीर करून भागत नाही. ज्या परिस्थितीवर निकाल उभा होता तीच इतकी बदलली पाहिजे, की तो निकाल आता देताच आला नसता.

पायरी पहिली: नव्या कायद्याकडे बघूच नका

विद्यार्थ्यांची पहिली चूक इथंच होते. प्रश्नात नवा कायदा दिसला की ते थेट त्याच्यावर तुटून पडतात. तसं करू नका. आधी जुन्या निकालाचं कारण एका ओळीत लिहून काढा. काय ठरलं ते नको, का ठरलं ते हवं. "वसुली बेकायदा" हा निकाल झाला. "कारण बुट्टी म्हणजे गाळा नव्हे" हा त्याचा पाया. कच्च्या कागदावर 'कारण' हा शब्द लिहून त्यापुढं एकच वाक्य लिहायचं, हा नियम मी वर्गात सक्तीचा केलाय. ज्यांना ते वाक्य लिहिता येत नाही, त्यांना पुढचं उत्तर येत नाही.

पायरी दुसरी: नव्या कायद्यानं नेमका कशाला हात लावला?

आता नवा कायदा उघडा आणि त्या एका वाक्याशी ताडून बघा. कारण गेलं का, की कारण तसंच राहिलं आणि फक्त निकाल गेला? हे शिकवायला मी आपल्याच राज्याचे दोन खटले घेतो. एकात कर्नाटक हरलं, दुसऱ्यात जिंकलं.

हरलं ते कावेरीत. कावेरी जलविवाद लवादानं २५ जून १९९१ रोजी अंतरिम आदेश दिला: तमिळनाडूच्या मेट्टूर जलाशयात वर्षाला २०५ टीएमसी पाणी पोचेल असं कर्नाटकानं सोडावं. महिनाभरात, २५ जुलैला, कर्नाटकाच्या राज्यपालांनी अध्यादेश काढला. कावेरी खोऱ्यातल्या आपल्या शेतकऱ्यांचं सिंचन राखणं हे राज्याचं कर्तव्य आहे, असं त्यात होतं. आणि पुढं कळीचं कलम: कोणत्याही न्यायालयाचा वा लवादाचा आदेश, मग तो आधीचा असो की नंतरचा, आड आला तरी हा अध्यादेश लागू राहील, अपवाद फक्त लवादाच्या अंतिम निर्णयाचा. दोनच दिवसांत राष्ट्रपतींनी अनुच्छेद १४३खाली सर्वोच्च न्यायालयाचं मत मागितलं. २२ नोव्हेंबर १९९१ला पाच न्यायमूर्तींच्या पीठानं अध्यादेश घटनाबाह्य असल्याचं मत दिलं. ते लिहिलं न्या. पी. बी. सावंत यांनी.

आता पहिल्या पायरीचा नियम लावा. लवादाच्या आदेशाचं कारण काय होतं? दोन राज्यांत पाणी वाटून घ्यायचं आहे आणि तोवर खालच्या राज्याला इतकं पाणी मिळालं पाहिजे. अध्यादेशानं त्या कारणातलं काय बदललं? काहीच नाही. नदी तीच, दोन राज्यं तीच, संसदेचा १९५६चा आंतरराज्य जलविवाद कायदाही तोच. बदलला फक्त आदेशाचा परिणाम, तोही एकाच वादातला, आणि स्वतः पक्षकार असलेल्या राज्यानं. न्यायालयानं मांडलेला फरक असा: कायदा बदलून, सर्वांसाठी बदलून, निकालाचा पाया काढून घेणं विधिमंडळाला मोकळं आहे. दोन पक्षांमधला ठरावीक निर्णय उचलून बाजूला ठेवणं ही न्यायिक सत्ता झाली आणि ती विधिमंडळाकडं नाही.

इथं एक सापळा आहे आणि दर वर्षी चार-पाच जण तरी त्यात पडतात. ते लिहितात, "अध्यादेश राज्यपालांनी म्हणजे कार्यकारी मंडळानं काढला, कायदा करणं हे विधिमंडळाचं काम, म्हणून सत्ताविभाजनाचा भंग." चूक. अनुच्छेद २१३नं ती सत्ता राज्यपालांना दिलेलीच आहे आणि अध्यादेशाला कायद्याचंच बळ असतं. आपल्या घटनेनं सत्ताविभाजन काटेकोर, कप्पेबंद स्वरूपात स्वीकारलेलं नाही, हे राम जवाया कपूर खटल्यात १९५५मध्येच सांगून झालंय. कावेरीत भंग झाला तो अध्यादेशाच्या आशयानं. तोच मजकूर विधानसभेत एकमतानं मंजूर झाला असता तरी तो टिकला नसता.

आता जिंकलेला खटला. मला तो जास्त आवडतो, कारण तो कसोटीलाच कसोटी लावतो.

राखीव जागेवरून एखाद्या अभियंत्याला लवकर बढती मिळाली. काही वर्षांनी खुल्या गटातला, मूळचा त्याला ज्येष्ठ असलेला सहकारी त्याच पदावर आला. आता ज्येष्ठ कोण? बढती आधी मिळाली म्हणून पहिला ज्येष्ठ राहतो, असं मानलं तर ती झाली परिणामी ज्येष्ठता. कर्नाटकानं २००२मध्ये कायदा करून ती दिली. ९ फेब्रुवारी २०१७ रोजी बी. के. पवित्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्या कायद्याची मुख्य कलमं रद्द केली. कारण? २००६च्या नागराज निकालानं घातलेली अट राज्यानं पाळलीच नव्हती: त्या समाजघटकांचं सेवेतलं प्रतिनिधित्व अपुरं आहे का, प्रशासनाच्या कार्यक्षमतेवर काय परिणाम होतो, याची पाहणी झाली नव्हती. आकडेवारीविना केलेला कायदा, म्हणून अवैध. 'कारण'पुढं लिहायचं वाक्य हेच: पाहणी केली नाही.

राज्यानं मग रत्नप्रभा समिती नेमली. समितीनं खात्याखात्यांतली माहिती गोळा करून मे २०१७मध्ये अहवाल दिला. त्यावर नवं विधेयक आलं आणि ते मंजूर झालं नोव्हेंबर २०१७च्या अधिवेशनात, म्हणजे आपल्या बेळगावातल्या सुवर्ण विधान सौधमध्ये. तेव्हा रस्ते बंद म्हणून वैतागलेले आम्ही कुणीच विचार केला नव्हता, की आत पुढच्या परीक्षेचा प्रश्न तयार होतोय. राज्यपालांनी विधेयक राष्ट्रपतींच्या विचारासाठी राखून ठेवलं, जून २०१८मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि परिणामी ज्येष्ठतेची तरतूद १७ जून १९९५पासून लागू असल्याचं मानलं गेलं.

पुन्हा आव्हान. युक्तिवाद भक्कम होता: २००२चा कायदा आणि २०१८चा कायदा शेजारी ठेवून वाचा, तरतुदी जवळपास त्याच आहेत. एक शब्द बदलला नाही तर पाया बदलला कुठं? ही तर निकालाची सरळ अवज्ञा! १० मे २०१९ला न्या. लळित आणि न्या. चंद्रचूड यांच्या पीठानं तो युक्तिवाद फेटाळला. २०१७च्या निकालानं शब्दांना दोष दिलाच नव्हता. दोष होता शब्दांमागच्या रिकाम्या जागेला. तिथं आता पाहणी आली, आकडे आले. कारण गेलं, म्हणून तोच मजकूर नव्यानं करायला राज्य मोकळं झालं.

हे तिन्ही खटले एका ओळीत उभे करा. भडोचमध्ये शब्द बदलले आणि पाया बदलला. पवित्रात शब्द जवळपास तेच राहिले, तरी पाया बदलला. कावेरीत नवीन शब्द आले, मोठमोठे आले, पण पाया जागचा हलला नाही. म्हणून नव्या कायद्यात किती शब्द नवे आहेत ते मोजत बसू नका. पाया कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही, तो निकालाच्या कारणात असतो.

पवित्राचा दाखला देताना मात्र जपून. जानेवारी २०२२मध्ये जर्नैल सिंग मालिकेतल्या पुढच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं २०१९च्या निकालातला एक भाग नाकारला: आकडेवारी पदांच्या गटानुसार घेतली तरी चालेल, हे म्हणणं नागराजशी जुळत नाही, ती संवर्गानुसारच हवी. म्हणजे आरक्षणाच्या प्रश्नात पवित्राचा निकाल जसाच्या तसा लिहिला तर परीक्षक लाल रेघ मारणार. सत्ताविभाजनाच्या प्रश्नात, दोष दूर करून नवा कायदा करता येतो एवढ्यापुरताच तो दाखला वापरा आणि २०२२चं एक वाक्य जोडा. त्या एका वाक्यावरून तुम्ही गाईड वाचलंय की निकाल, ते कळतं.

पायरी तिसरी: पाया बदलायचा हक्क त्यांचा होता का?

ही पायरी छोटी आहे, पण विसरली जाते. पाया बदलला असला, तरी तो बदलण्याची सत्ता त्याच विधिमंडळाकडं हवी. कावेरीत राज्यानं राज्यसूचीतल्या १७ क्रमांकाच्या नोंदीकडं बोट दाखवलं: पाणी हा आमचा विषय. पण आंतरराज्य नदीच्या वादाला अनुच्छेद २६२ आणि त्याखालचा संसदेचा कायदा लागू होता. राज्यानं कितीही सुबक मसुदा केला असता, तरी तो पाया त्याच्या हातचा नव्हता. शिवाय राज्याच्या कायद्याचा परिणाम राज्याबाहेर, तमिळनाडूच्या शेतावर होत होता. तेही न्यायालयानं नमूद केलं.

इथवर आलो की आपल्याकडच्या वर्गात हात वर होतोच: "सर, मग सीमाप्रश्न?" प्रश्न रास्त आहे, फक्त उत्तर भावनेनं लिहायचं नाही. राज्याची सीमा बदलणं अनुच्छेद ३नुसार संसदेच्या हाती. महाराष्ट्रानं २००४मध्ये केलेला दावा अनुच्छेद १३१खाली सर्वोच्च न्यायालयापुढं आहे. डिसेंबर २०२२मध्ये आधी कर्नाटकाच्या आणि मग महाराष्ट्राच्या विधिमंडळानं आपापले ठराव केले. ठराव म्हणजे कायदा नव्हे. त्यानं सीमा हलत नाही आणि न्यायालयाचे हातही बांधले जात नाहीत. ठरावाला 'कायदा' म्हटलेलं उत्तर मी दोन्ही बाजूंच्या मुलांच्या वहीत पाहिलंय.

पायरी चौथी: पाया मूलभूत हक्काचा असेल तर

पुन्हा बाजारात चला. समजा न्यायालयानं बुट्टीवाल्या बायकांच्या बाजूनं निकाल दिला, पण कारण वेगळं दिलं. पालिका पक्क्या गाळेवाल्यांकडून दहा रुपये घेते आणि उघड्यावर बसणाऱ्यांकडून वीस. या फरकाला काहीही तर्क नाही, म्हणून अनुच्छेद १४चा भंग.

विधिमंडळानं आता 'गाळा'ची व्याख्या कितीही रुंद केली, तरी काय उपयोग? व्याख्या हे कारण नव्हतंच. दहा-वीसचा फरक काढावा लागेल, किंवा त्या फरकाला खरा आधार दाखवावा लागेल. तसं न करता केलेला कायदा, "काहीही असले तरी" हे शब्द असोत वा नसोत, पडेल. पहिल्या पायरीला लिहिलेलं वाक्य इथं उपयोगी येतं. वाक्य बदललं की सगळं उत्तर बदलतं.

उत्तर लिहायला बसल्यावर

माँटेस्क्यूला दोन ओळी पुरेत, राम जवाया कपूरला एक. मग लगेच प्रश्नातल्या प्रसंगाकडं या. निकाल, त्याचं कारण, नव्या कायद्यानं काय बदललं, ते बदलायची सत्ता होती का, हक्काचा भंग उरतो का, या ओघानं लिहा. भडोचची कसोटी एकदा स्वच्छ शब्दांत मांडा आणि दिलेल्या प्रसंगातल्या शब्दांनाच ती लावा, 'गाळा' म्हणजे गाळा आणि 'बुट्टी' म्हणजे बुट्टी. खटल्याचं नाव नेमकं आठवत नसेल तर "कावेरी प्रकरणी १९९१मध्ये" एवढं चालतं. खोटं नाव मात्र चालत नाही.

आणि "काहीही असले तरी" हे शब्द दिसले म्हणून कायदा आपोआप बाद धरू नका. वैध वैधीकरण कायद्यातही ते शब्द असतात. त्यांच्या आधी किंवा नंतर पाया बदलणारं कलम आहे का, ते शोधा. असलं तर ते शब्द नुसती सावधगिरी असते. नसलं तर तो कायदा म्हणजे कावेरीचा अध्यादेश.

त्या विद्यार्थिनीनं पुढच्या खेपेला दीड पान आणलं. समासात पेन्सिलनं 'कारण' असं लिहून खाली रेघ मारली होती, आणि पुढं फक्त सहा शब्द: "बुट्टी म्हणजे गाळा नव्हे, म्हणून बेकायदा."